सायक्लिन नाहीसे कसे होते: दोन प्रयोगशाळांची एक गोष्ट

१९८२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत टिम हंट सी-अर्चिनच्या अंड्यांवर काम करत होते. त्यांना पेशीचक्रात रस नव्हता. फलनानंतर अंड्यात प्रथिने एकदम वेगाने का तयार होऊ लागतात, एवढाच त्यांचा प्रश्न होता. फलित अंड्यांत किरणोत्सारी मेथिओनिन घालायचे, दर काही मिनिटांनी नमुना काढायचा आणि प्रथिने जेलवर वेगळी करून फिल्मवर त्यांचे पट्टे पाहायचे. बहुतेक पट्टे वेळेबरोबर गडद होत गेले. एक मात्र गडद व्हायचा आणि पेशी दुभंगण्याच्या जरा आधी जवळजवळ पुसला जायचा. पुढच्या विभाजनाच्या वेळी पुन्हा तेच. हे प्रथिन म्हणजे सायक्लिन.

तेव्हा प्रथिने तयार कशी होतात याचा अभ्यास जोरात होता. ती मोडतात कशी, यात फारसे कुणी डोके घालत नव्हते. त्यातही एक कोडे जुने होते. प्रथिन मोडताना ऊर्जा लागायचे रासायनिक कारण नाही, आपल्या जठरात तर एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूशिवायच ते पचते. मग पेशीच्या आत प्रथिन मोडायला एटीपी का खर्च होतो? १९५३ पासून माहीत असलेली ही विसंगती हैफाच्या टेक्निऑनमधले अवराम हर्शको आणि त्यांचे विद्यार्थी आरॉन सिकानोव्हर यांनी धरून ठेवली. त्यांनी सशाच्या अपक्व तांबड्या पेशींचा अर्क घेतला आणि त्याचे दोन भाग केले. एकट्याने कुठलाच भाग काम करेना. एकत्र केले की प्रथिने मोडू लागत. पहिल्या भागातले हिमोग्लोबिन काढण्यासाठी तो उकळून पाहिला, तर प्रथिने साकळून खाली बसली आणि वरच्या द्रवात हवा तो घटक शाबूत! हा चिवट घटक म्हणजे ७६ अमिनो आम्लांचे युबिक्विटिन, हे १९८० मध्ये कळले. त्याच वर्षी फिलाडेल्फियातल्या अर्विन रोझ यांच्यासोबत त्यांनी दाखवले, की ते बळी जाणाऱ्या प्रथिनाला सहसंयुज बंधाने जोडले जाते.

जोडणी तीन विकरांची. ई१ एटीपी खर्चून युबिक्विटिन सक्रिय करते, ते ई२ कडे जाते आणि कोणत्या प्रथिनाला लावायचे हे ई३ ठरवते. बंध प्रथिनातल्या लायसिनशी होतो. मग युबिक्विटिनच्याच लायसिनवर पुढचे युबिक्विटिन बसत साखळी वाढते. प्रोटिअसोम हे पेशीतले प्रथिने मोडणारे यंत्र; तो ही साखळी ओळखतो, प्रथिन उलगडून आपल्या पोकळीत ओढतो आणि त्याचे तुकडे करतो. युबिक्विटिन मात्र आधीच सोडवून परत वापरले जाते. एटीपी जातो तो खुणेवर आणि उलगडण्यावर, बंध तोडण्यावर नाही.

या दोन गोष्टी जुळल्या १९९१ मध्ये. त्याआधी, १९८९ मध्ये, अँड्र्यू मरे आणि मार्क कर्शनर यांच्या गटाने सायक्लिन बी ची सुरुवातीची ९० अमिनो आम्ले छाटली होती. हे तोकडे सायक्लिन विभाजन घडवणाऱ्या सीडीके१ या विकराला व्यवस्थित चालू करायचे, पण नष्ट होईना. बेडकाच्या अंड्याचा अर्क विभाजनाच्या अवस्थेतच अडकून पडला. म्हणजे बाहेर पडण्यासाठी सायक्लिन जायलाच हवे. मग मायकेल ग्लॉट्झर यांनी उलटा प्रयोग केला: तो छाटलेला भागच एका परक्या प्रथिनाला जोडला. आता ते परके प्रथिन विभाजनाच्या अर्कात नष्ट होऊ लागले, पण दोन विभाजनांमधल्या अवस्थेतल्या अर्कात टिकले. जेलवर मूळ पट्ट्याच्या वर पायऱ्यापायऱ्यांनी फिकट पट्टे दिसले. प्रत्येक पायरी साधारण एका युबिक्विटिनच्या वजनाची. असे पट्टे दिसले की युबिक्विटिन लागल्याचा संशय घ्यावा. खुणेची जागा निघाली ९ अमिनो आम्लांची, तिला डिस्ट्रक्शन बॉक्स म्हणतात. त्यातले मोक्याचे आर्जिनिन बदलले, की सायक्लिन टिकते.

इकडे हर्शको शिंपल्यांच्या अंड्यांच्या अर्काकडे वळले होते. साखळी बनू शकणार नाही असे मिथिल लावलेले युबिक्विटिन त्यांनी त्यात घातले, आणि सायक्लिनचा नाश मंदावला. मला हा पुरावा जास्त पटतो: पट्टे खूण दाखवतात, पण खुणेमुळेच नाश होतो हे इथे कळते.

उरला प्रश्न वेळेचा. युबिक्विटिन तर पेशीत सदैव असते. याचे उत्तर ई३ मध्ये मिळाले. १९९५ मध्ये हर्शको आणि कर्शनर या दोघांच्या गटांनी ते मोठे संकुल वेगळे केले. एपीसी हे त्याचे रूढ नाव. विभाजनाच्या मध्यात सीडीसी२० हे प्रथिन त्याला जागे करते, आणि एक जरी गुणसूत्र तर्कूच्या धाग्यांना नीट जोडलेले नसले तरी सीडीसी२० अडवून धरले जाते.

एक गोष्ट मात्र बसत नव्हती. न मोडणाऱ्या सायक्लिनने विभाजन अडकते, तरी गुणसूत्रे वेगळी होतातच, हे १९९३ मध्ये दिसले. युबिक्विटिनची साखळी रोखली, की मात्र तीही वेळेवर वेगळी होत नाहीत. म्हणजे एपीसीचा आणखी एक बळी असणार. तो निघाला सिक्युरिन: गुणसूत्रांच्या जोड्या बांधणारी कडी कापणाऱ्या विकराला तो दाबून ठेवतो, आणि त्याच्यातही डिस्ट्रक्शन बॉक्स आहे.