बाहेर आलेल्या सळया आणि लाल फडकं: पार्श्वभूमी

ट्रकमधून मागे आलेली सळई बाजूने पाहिली तर लांबलचक दिसते. मागून येणाऱ्याला मात्र तिचं फक्त टोक दिसतं. 16 मिलिमीटरच्या सळईचं टोक म्हणजे रुपयाच्या नाण्याहूनही लहान ठिपका. त्यात मागचा चालक अंतराचा अंदाज घेतो तो टेललाइटवरून, आणि सळया त्याच्या दीड मीटर अलीकडेच संपलेल्या असतात. माल बांधण्याचे नियम पुढे याच अडचणीभोवती फिरत राहिले.

1968 च्या व्हिएन्ना रस्ता वाहतूक करारात यावर एक साधी मर्यादा आली. माल पुढे किंवा मागे एक मीटरपेक्षा जास्त बाहेर येत असेल, तर त्यावर नेहमीच खूण हवी. रात्री ती म्हणजे मागच्या बाजूला लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर, पुढे पांढरे. दिवसासाठी मोघम भाषा होती. खूण ठळक हवी, एवढंच.

हा मोघमपणा जर्मनीच्या नियमात राहिला नाही. समजा, साडेचार मीटरच्या हौद्यात सहा मीटरचे पाइप भरलेत. फाळका उघडा, पाइप दीड मीटर बाहेर. तिथे मागे साधारण एवढीच मुभा आहे (100 किलोमीटरपर्यंतच्या अंतराला तीन मीटर). मागच्या रिफ्लेक्टरपासून एक मीटर ओलांडला की टोकाला किमान 30 बाय 30 सेंटिमीटरचं लाल फडकं लागतं, तेही आडव्या काठीने ताणलेलं. ही काठीच खरी महत्त्वाची, असं मला वाटतं. नुसतं बांधलेलं फडकं वाऱ्याने गुंडाळून पाइपाला चिकटतं, आणि मागून पुन्हा ठिपकाच उरतो. रात्रीचा दिवा आणि रिफ्लेक्टर जमिनीपासून 90 सेंटिमीटरच्या वर चालत नाहीत, कारण मागच्या गाडीच्या डिम लाइटचा झोत खालीच पडतो. पाइप त्याहून उंच असतील तर दिवा टोकापासून खाली लोंबता सोडावा लागतो. स्पेन आणि इटलीत फडक्याऐवजी लाल-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांची 50 सेंटिमीटरची चौकोनी पाटी असते. ती वाऱ्याने गुंडाळत नाही.

कुठलीही खूण सर्वांत लांब सळईच्या टोकालाच हवी. घोळ होतो तो वाटेत. जुडी फक्त मधोमध आवळलेली असेल, तर चढावर किंवा खड्ड्यांतून जाताना एखादी सळई मागे घसरते आणि फडक्याच्याही पुढे डोकावते. म्हणून जुडी दोन्ही टोकांजवळ आवळतात आणि थोडं अंतर गेल्यावर गाडी थांबवून टोकं पुन्हा पाहतात.

भारताने खुणेवर विसंबणं सोडलं. आधी मागे एक मीटरपर्यंत मुभा होती. 2014 मध्ये ती काढून टाकली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 194(1अ) आलं: मर्यादेबाहेर आलेल्या मालासाठी 20 हजार रुपये दंड, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. त्यामुळे 12 मीटरच्या सळया मधोमध वाकवून हौद्यात बसवाव्या लागतात, नाहीतर लांब ट्रेलर आणावा लागतो. लाल फडकं बांधलं म्हणून दंड टळत नाही.