तुटलेलं डाउनलोड: नव्याने सुरू होणं आणि पुढे चालू होणं

धड्यांची एक झिप फाइल आहे, ७०० एमबीची. त्यातले ४२० एमबी उतरले आणि नेट गेलं. पट्टी साठ टक्क्यांवर थबकली, खाली बटण आलं. त्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’ असेल, ‘पुढे चालू’ असेल, नाहीतर नुसता गोल बाण असेल. दाबल्यावर आत काय होणार हे त्या अक्षरांवरून ठरत नाही. काही अ‍ॅप ‘पुन्हा प्रयत्न’ म्हणतात आणि इमानेइतबारे उरलेले २८० एमबीच मागवतात. काही ‘पुढे चालू’ म्हणतात आणि अख्खे ७०० एमबी नव्याने ओढतात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, फरक कळतो तो डेटा संपल्यावर.

नव्याने सुरू होण्यात समजून घेण्यासारखं फारसं काही नाही. अ‍ॅप सर्व्हरकडे पूर्ण फाइल मागतं, सर्व्हर `200` हा क्रमांक देऊन पहिल्या बाइटपासून पाठवायला लागतो. आधीचा तुकडा फेकला जातो, किंवा फेकायचा राहून जातो आणि फोनमध्ये बेवारस पडून राहतो. लहान फाइलसाठी हे पुरेसं आहे. दोन एमबीच्या चित्रासाठी कुणी याहून जास्त खटाटोप करू नये.

पुढे चालू होण्यासाठी मात्र अ‍ॅपला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: कुठून पुढे हवंय, आणि आधीचा तुकडा नेमक्या कोणत्या फाइलचा होता. एचटीटीपीमध्ये, म्हणजे अ‍ॅप आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांत, ती मागणी अशी दिसते:

```
GET /dhade.zip
Range: bytes=420000000-
If-Range: "v7-3c91"
```

बाइट शून्यापासून मोजतात. त्यामुळे ४२ कोटी बाइट हाती असतील, तर पुढच्या बाइटचा क्रमांक 420000000 हाच येतो. इथे एकाने जरी चूक झाली, तरी जोडावर एक बाइट दोनदा येतो किंवा गळतो आणि झिप उघडत नाही. सगळं जमून आलं तर सर्व्हरचं उत्तर असं येतं:

```
206 Partial Content
Content-Range: bytes 420000000-699999999/700000000
Content-Length: 280000000
```

`206` म्हणजे ‘मागितलेला भाग देतोय’. खरी मेख इथे आहे. `Range` लिहून मागणी केली म्हणून सर्व्हरने ती मानलीच पाहिजे असं बंधन नाही. ती दुर्लक्षून `200` सह अख्खी फाइल पाठवणं नियमांत बसतं. ज्या अ‍ॅपने उत्तराचा क्रमांक न बघताच आलेले बाइट जुन्या तुकड्याच्या शेपटीला जोडले, त्याची फाइल ११२० एमबीची होते आणि पट्टी १६० टक्के दाखवते. शंभराच्या पुढे गेलेली पट्टी दिसली की बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. नीट लिहिलेलं अ‍ॅप `200` दिसताच जुना तुकडा बाजूला सारतं, शून्यापासून लिहायला घेतं आणि तसं वापरणाऱ्याला सांगतं. मला विचाराल तर त्याने डेटा जाण्याआधीच थांबून विचारावं: ‘हा सर्व्हर पुढे चालू देत नाही, पूर्ण ७०० एमबी लागतील, घेऊ का?’

आता `If-Range`. वाचता वाचता ठेवलेल्या पुस्तकात खूण घातली, आणि मधल्या काळात कुणी त्या जागी नवी सुधारित आवृत्ती ठेवली, तर पान क्रमांक तोच राहतो पण मजकूर सरकलेला असतो. फाइलचंही तसंच होतं. धड्यात दुरुस्ती करून कुणी त्याच नावाने नवी झिप चढवली, तर जुने ४२० आणि नवे २८० मिळून ७०० भरतील, पट्टी शंभरावर जाईल आणि फाइल मात्र निकामी असेल. म्हणून पहिल्या वेळी सर्व्हरने `ETag` नावाने दिलेली ओळख अ‍ॅपने जपून ठेवायची आणि पुढच्या मागणीत `If-Range` मध्ये परत पाठवायची. ओळख जुळली तर उरलेला भाग `206` ने येतो, नाही जुळली तर `200` आणि नवी फाइल पहिल्यापासून. `W/` ने सुरू होणारी ओळख या कामाला चालत नाही, कारण ती फाइल बाइटन् बाइट तीच असल्याची हमी देत नाही.

यातून एक चमत्कारिक बिघाड उद्भवतो. एकच फाइल अनेक सर्व्हरवर ठेवलेली असते आणि प्रत्येक सर्व्हर तिला स्वतःचा वेगळा `ETag` देतो. तुटल्यावर तुमची मागणी दुसऱ्या सर्व्हरकडे गेली की ओळख जुळत नाही, आणि फाइल तसूभरही बदललेली नसताना डाउनलोड शून्यावर येतं. अ‍ॅप बिचारं नियमाने वागत असतं, दोष सर्व्हरच्या मांडणीत असतो. काही दुव्यांना मुदत असते, तेही असंच फसवतं. सकाळी तुटलेलं डाउनलोड संध्याकाळी चालू केलं की `403`, म्हणजे ‘परवानगी नाही’, असं उत्तर येतं. तेव्हा तुकडा फेकायचं काहीच कारण नसतं. नवा दुवा मिळवून त्याच बाइटपासून पुढे जाता येतं.

जागेच्या हिशेबात हे दोन प्रकार सगळ्यात जास्त वेगळे पडतात. आपल्याच उदाहरणात सुरुवातीला फोनमध्ये ११०० एमबी मोकळे होते असं धरू. ४२० एमबी उतरल्यावर ६८० उरले. पुढे चालू करायला २८० हवेत, म्हणजे जागा ऐसपैस आहे. पण बरीच अ‍ॅप या टप्प्यावरही फाइलचा पूर्ण आकार तपासतात, ७०० पेक्षा ६८० कमी म्हणून ‘जागा अपुरी’ सांगतात आणि माणूस निष्कारण फोटो पुसत बसतो. नव्याने सुरू करणारं अ‍ॅप जुना तुकडा न काढता ‘जागा अपुरी’ म्हणत असेल, तर मात्र त्याचं म्हणणं खरं असतं, कारण त्याला एकूण ११२० एमबी लागणार आहेत.

त्यापुढची गोष्ट अशी की झिप उतरली म्हणजे काम झालं असं नाही, ती उलगडावी लागते. व्हिडिओ आधीच दाबलेले असल्यामुळे झिपमध्ये ते फारसे लहान होत नाहीत. उलगडल्यावर धडे ७६० एमबी भरतात असं समजू. झिप पुसण्याआधी दोन्ही एकाच वेळी मावायला हवेत, म्हणजे १४६०. सुरुवातीचे ११०० मुळातच कमी होते, आणि हे पहिला बाइट मागवण्याआधी सांगता आलं असतं. साठ टक्क्यांवर किंवा, त्याहून वाईट, शंभर टक्क्यांनंतर ‘उलगडता आलं नाही’ म्हणणं ही वापरणाऱ्याची फसवणूकच आहे. धडे एकेक करून स्वतंत्र फाइलींत ठेवले तर ही दुहेरी जागा लागतच नाही. माझा कौल त्यालाच.

सुरुवातीची तपासणी बरोबर केली तरी ती त्या क्षणापुरती असते. डाउनलोड चालू असताना दुसरं अ‍ॅप जागा खाऊ शकतं. मग नेट ठणठणीत असतं, पण फाइलमध्ये लिहिणं अडतं. अशा वेळी आपोआप पुन्हा प्रयत्न करत राहणं म्हणजे तेच बाइट मागवून तेच गाळणं. तुकडा जागेवर ठेवावा, थांबावं आणि ‘आणखी ९० एमबी मोकळे करा’ असा नेमका आकडा सांगावा.

काही कार्यक्रम जागा राखण्यासाठी सुरुवातीलाच पूर्ण ७०० एमबीची रिकामी फाइल तयार करतात. कल्पना चांगली आहे, पण मग फाइलच्या आकारावरून किती उतरलं ते कळत नाही, त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते. ती नोंद करण्यात क्रम महत्त्वाचा असतो. आधी बाइट डिस्कवर पक्के, मग नोंद. उलट केलं आणि मध्येच बॅटरी गेली तर नोंद ४२० म्हणते, खरे बाइट ४१८ पर्यंतच असतात आणि मधल्या दोन एमबींत नुसती शून्यं राहतात. संशय असेल तर थोडं मागे जाऊन तिथून मागवावं. दोन एमबी दोनदा आणणं स्वस्त पडतं.

प्रगतीची पट्टीही इथेच चुकते. `206` च्या उत्तरातला `Content-Length` हा उरलेल्या भागाचा असतो, पूर्ण फाइलचा नाही. तोच एकूण धरला आणि आत्ता आलेले बाइटच मोजले तर साठवर असलेली पट्टी थेट शून्यावर पडते आणि लोकांना वाटतं सगळं वाया गेलं, प्रत्यक्षात फक्त हिशेब चुकलेला असतो. एकूण आकडा `Content-Range` मधल्या तिरप्या रेघेनंतर असतो. वेगाचं उलट होतं. आधीचे ४२० एमबीही आत्ताच्या दोन सेकंदांत मोजले, तर सेकंदाला दोनशे एमबी वेग आणि ‘एक सेकंद उरला’ असं दिसतं. वेग या बैठकीत आलेल्या बाइटांवरूनच काढायचा. नुसत्या टक्क्यांपेक्षा ‘७०० पैकी ४२० एमबी’ वाचणाऱ्याला जास्त उपयोगी पडतं, आणि शेजारी थांबण्याचं कारणही हवं: नेटची वाट पाहतोय, जागा कमी आहे, की फाइल तपासतोय.

म्हणजे पट्टी शून्यावर पडली एवढ्यावरून नव्याने सुरू झालं असं समजू नये. खात्री करायची तर बटण दाबण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपने वापरलेला डेटा बघून ठेवा आणि डाउनलोड पूर्ण झाल्यावर पुन्हा बघा. वाढ २८० एमबीच्या आसपास असेल तर पुढे चालू झालं, ७०० च्या आसपास असेल तर नव्याने. संगणकावर क्रोम अर्धवट फाइलला `.crdownload` आणि फायरफॉक्स `.part` असं शेपूट लावतो. चालू केल्यावर तिचा आकार ४२० वरून वाढतोय की शून्याकडून, हे डोळ्यांनी बघता येतं. आज्ञा देऊन काम करणाऱ्यांसाठी `curl` हा फाइल उतरवणारा कार्यक्रम आहे:

```
curl -C - -O https://example.org/dhade.zip
```

इथे `-C -` म्हणजे हाती असलेल्या फाइलचा आकार बघून तिथून पुढे मागव. सर्व्हर भाग देत नसेल तर `curl` जोडाजोड न करता ३३ क्रमांकाची चूक दाखवून थांबतो, हे त्याचं चांगलं. पण `If-Range` तो स्वतःहून पाठवत नाही. मधल्या काळात फाइल बदलली असेल तर तो दोन आवृत्त्या मुकाट्याने शिवून देईल. देणाऱ्याने फाइलसोबत एसएचए-२५६ ठसा, म्हणजे तिच्या बाइटांवरून काढलेली ओळख, दिला असेल, तर उलगडण्याआधी तो ताडून बघा:

```
sha256sum dhade.zip
```

ठसा जुळला नाही आणि आकार मात्र ७००००००००च भरला, तर पुढे चालू करण्यात अर्थ नाही. मागायला बाइटच उरलेले नाहीत, सर्व्हर `416`, म्हणजे ‘असा भाग देता येत नाही’, म्हणेल. ती फाइल पुसून पहिल्यापासूनच घ्यावी लागते.