साठ पिक्सेलांचं लाल पागोटं

शंभर बाय शंभर पिक्सेलांचं एक छोटं चित्र डोळ्यांसमोर आणा. वरचा मोठा भाग निळं आकाश, खाली हिरवं शेत आणि शेतात लाल पागोट्याचा एक माणूस. माणूस इतका लांब आहे, की पागोट्याच्या वाट्याला दहा हजारांपैकी जेमतेम साठ पिक्सेल आलेत. तरीही चित्र बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. आता हे चित्र फक्त चार रंगांत बसवायचं आहे. ते चार कोणते असावेत?

प्रत्येक पिक्सेलचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी सांगितला जातो. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ रंग शक्य. पॅलेट म्हणजे निवडक रंगांची यादी. ती वापरली की प्रत्येक पिक्सेलजवळ हे तीन आकडे ठेवावे लागत नाहीत, पॅलेटमधल्या रंगाचा क्रमांक ठेवला की पुरतं. जागा वाचते ती इथे. कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने १९८७ मध्ये आणलेला जीआयएफ हा चित्रफायलींचा प्रकार याच तत्त्वावर चालतो आणि त्याच्या एका पॅलेटमध्ये जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. आपण चारच घेऊ, म्हणजे काय बिघडतं ते उघड दिसेल.

सगळ्यात आधी सुचतो तो मतमोजणीचा मार्ग: जे रंग सर्वांत जास्त पिक्सेलांवर आहेत ते ठेवा. आपल्या चित्रात आकाशाचे ६,००० पिक्सेल आहेत आणि वरून खाली येताना तिन्ही आकडे एकाच वेळी प्रत्येकी फक्त वीसने बदलतात. त्यामुळे आकाशाची एकेक छटा शेकडो पिक्सेलांवर सापडते. शेताचं तसं नाही. तिथे प्रत्येक पातं शेजारच्याहून थोडं वेगळं, म्हणून कुठलीही नेमकी हिरवी छटा मूठभर पिक्सेलांपलीकडे जात नाही. मतं मोजली तर चारही जागा आकाश घेऊन जातं आणि अख्खं शेत निळं होतं. शेत मोठं असूनही हरलं, कारण त्याची मतं विखुरली.

यावर पॉल हेकबर्ट यांनी १९८२ मध्ये मांडलेला उपाय आजही कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये आढळतो. त्याला मीडियन कट म्हणतात. तिन्ही आकडे तीन दिशांना मांडले की प्रत्येक रंग एका घनातला बिंदू होतो. सगळ्या बिंदूंना जेमतेम सामावणारा एक कप्पा आखायचा, तो ज्या दिशेला सर्वांत लांब असेल त्या दिशेने पिक्सेल ओळीत लावायचे आणि बरोबर मधोमध कापायचं. दोन्ही बाजूंना सारखेच पिक्सेल यायला हवेत. मग प्रत्येक भाग पुन्हा तसाच कापायचा. हवे तितके कप्पे झाले की प्रत्येकाची सरासरी हा पॅलेटचा एक रंग.

आपल्या चित्रावर हे करून पाहू. शेताचा रंग साधारण (९०, १४०, ५०) धरू, क्षितिजाजवळचं आकाश (१२०, १७०, २२०) आणि पागोटं (२००, ३०, ४०). सर्वांत लांब दिशा निळ्या आकड्याची, कारण तो ४० पासून २४० पर्यंत पसरलाय. मधोमध कापलं की एका बाजूला निव्वळ आकाशाचे ५,००० पिक्सेल येतात. दुसऱ्या बाजूला शेताचे ३,९४०, पागोट्याचे ६० आणि उरलेलं आकाश १,००० पिक्सेल. पहिला भाग पुन्हा कापून आकाशाच्या दोन निळ्या छटा मिळतात, इथवर ठीक. दुसऱ्या भागातही निळी दिशाच लांब आहे, म्हणून तोही तिच्यावरच कापला जातो. एका कप्प्यात १,५०० शेताचे आणि १,००० आकाशाचे पिक्सेल पडतात. त्यांची सरासरी (१०२, १५२, ११८), म्हणजे चित्रात कुठेही नसलेला एक फिकट निळसर हिरवा. शेवटच्या कप्प्यात शेताचे २,४४० आणि पागोट्याचे ६०. त्यांची सरासरी (९३, १३७, ५०). पागोटं हिरवं झालं!

रंग वाढवले तरी ते लगेच परत येत नाही. ६४ कप्पे केले, तरी प्रत्येकात सुमारे १५६ पिक्सेल असणार. साठ लाल पिक्सेल ९६ हिरव्यांसोबत एका कप्प्यात बसले, तर सरासरी (१३२, ९८, ४६) येते, म्हणजे मातकट तपकिरी. मीडियन कटची खोड ही, की तो कप्प्यांमध्ये पिक्सेल सारखे वाटून देतो आणि कोणता रंग कोणापासून किती दूर आहे हे बघत नाही.

माझ्या मते मोजायला हवी ती चूक. पिक्सेलचा मूळ रंग आणि त्याला मिळालेला रंग यांच्या तिन्ही आकड्यांतल्या फरकांचे वर्ग करून बेरीज करा, आणि अशी बेरीज कप्प्यातल्या सगळ्या पिक्सेलांची घ्या. ज्या कप्प्यात ती सर्वांत मोठी तो आधी कापायचा, तोही मधोमध नाही, तर जिथे कापल्यावर चूक सर्वांत जास्त उतरते तिथे. शिआओलिन वू यांनी १९९१ मध्ये हा हिशेब झटपट करण्याची रीत दिली.

या रीतीने पहिला काप आकाश आणि जमीन यांच्यामधल्या रिकाम्या पट्ट्यात पडतो, त्यामुळे तो भेसळ रंग जन्मालाच येत नाही. आता जमिनीच्या कप्प्यात ३,९४० हिरवे आणि ६० लाल. हिरव्यातले आपसातले फरक सोडले, तरी केवळ पागोट्यामुळे इथे सुमारे १४ लाखांची चूक साचलेली आहे. आकाशाच्या ६,००० पिक्सेलांची मिळून सुमारे ६ लाख. म्हणजे पुढचा काप पागोट्यासाठी, आणि त्यानंतरचा आकाशाचे दोन भाग करण्यासाठी. शेवटी दोन निळे, एक हिरवा, एक लाल.

याही रीतीला मर्यादा आहे. पागोटं दहाच पिक्सेलांचं असतं, तर त्याची चूक अडीच लाखांच्या आत राहिली असती, आधी आकाश कापलं गेलं असतं आणि तीनच रंग असते तर त्याला जागा मिळाली नसती. उलट गुळगुळीत आकाशात चूक लहान असूनही डोळ्याला पट्टे दिसतात, आणि खरबरीत गवतात मोठी चूकही खपून जाते. पीएनजीक्वांट हे सॉफ्टवेअर म्हणूनच अशा गोंधळाच्या भागांना कमी वजन देतं. शिवाय ज्या रंगांची आबाळ झाली त्यांचं वजन वाढवून ते तीच विभागणी पुन्हा पुन्हा करतं.

आकाशातले पट्टे घालवायला डिदरिंग वापरतात. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांच्या १९७६ च्या रीतीत एका पिक्सेलला झालेली चूक पुढच्या चार शेजाऱ्यांत सोळाव्या हिश्श्यांनी वाटली जाते: ७, ३, ५ आणि १. त्यामुळे दोन निळ्या ठिपक्यांच्या मिसळीतून मधली छटा भासते. पागोट्याच्या बाबतीत मात्र याचा उपयोग नाही. निळे आणि हिरवे ठिपके कितीही मिसळले तरी लाल दिसणार नाही, कारण मिसळीतून पॅलेटच्या रंगांच्या मधलेच रंग मिळतात, बाहेरचे नाहीत. म्हणून निकाल तपासताना आधी डिदरिंग बंद ठेवावं आणि पॅलेट वेगळी काढून बघावी. इमेजमॅजिक या सॉफ्टवेअरमध्ये ते असं करता येतं:

```
magick shet.png -dither None -colors 16 shet16.png
magick shet16.png -unique-colors -scale 2000% palette.png
```

दुसऱ्या फाइलमध्ये सोळा रंगांचे चौकोन ओळीने दिसतात. महत्त्वाचा रंग त्यांत नसेल, तर तो पॅलेटमध्ये हाताने घालावा आणि `-remap` वापरून चित्र त्या पॅलेटवर बसवावं.

हलत्या जीआयएफमध्ये ही कसरत आणखी अवघड होते. प्रत्येक फ्रेमला स्वतंत्र पॅलेट दिली, तर स्थिर आकाशाची छटा फ्रेमगणिक बदलून ते लुकलुकतं. सगळ्या फ्रेमना मिळून एकच पॅलेट दिली, तर लुकलुक थांबते. पण माणूस दोन-चार फ्रेमपुरताच चित्रात आला असेल, तर त्याच्या पागोट्याचा वाटा सगळ्या फ्रेमच्या पिक्सेलांत आणखी आक्रसतो. अशा वेळी त्या दोन-चार फ्रेमचं वजन वाढवून सामाईक पॅलेट काढावी लागते.