इंटिग्रेशन टेस्ट की एंड-टू-एंड टेस्ट? पिरॅमिड उलटा होतो तो इथेच

टेस्ट पिरॅमिडचं चित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं, खाली भरपूर युनिट टेस्ट, मध्ये थोड्या सर्व्हिस किंवा इंटिग्रेशन टेस्ट, वर टोकाला मोजक्या यूआय मधून जाणाऱ्या. माइक कोहन यांच्या २००९ च्या पुस्तकातून हे चित्र सगळीकडे गेलं. युनिट म्हणजे काय यावर फारसं कोणी अडत नाही (भांडतात, पण अडत नाहीत). घोळ होतो तो वरच्या दोन थरांत. "डेटाबेस पण येतो ना त्यात, मग एंड-टू-एंडच लिही" हे वाक्य ज्या टीममध्ये चालतं तिथे मधला थर हळूहळू गायब होतो आणि त्याचं सगळं ओझं ब्राउझरवर जाऊन पडतं.

इंटिग्रेशन टेस्टमध्ये आपला कोड आणि त्याला लागून असलेली एखाद-दुसरी खरी गोष्ट, उदाहरणार्थ खरा पोस्टग्रेस, एवढंच एकत्र चालतं, बाकीचं जग आपल्या हातात असतं. एंड-टू-एंड मध्ये सगळंच खरं किंवा खऱ्यासारखं: ब्राउझर, फ्रंटएंड, नेटवर्क, सर्व्हर, डेटाबेस, पेमेंट गेटवेचा सॅंडबॉक्स. म्हणजे प्रश्न "डेटाबेस आहे का" हा नाही, तर टेस्ट फेल व्हायला आपल्या हातात नसलेली किती कारणं आहेत, हा आहे.

एक केस घेऊ. समजा ऑनलाइन फराळ विकणारी साइट आहे आणि कूपन आहे FARAL10. नियम असे: दहा टक्के सूट, जास्तीत जास्त १५० रुपये, ऑर्डर किमान ४९९ ची, मुदतीच्या आत, आणि एका ग्राहकाला एकदाच. नवीन फीचर म्हणून टेस्टर किंवा डेव्हलपर बसतो आणि ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या प्लेराइटमध्ये बारा टेस्ट लिहितो, प्रत्येकीत लॉगिन, चकली कार्टमध्ये, चेकआउट, कूपन टाका, Apply दाबा, टोटल बघा. दिसायला एकदम भक्कम, कारण ग्राहक जे करतो तेच करतोय ना. पण त्या बारापैकी दहा टेस्ट खरं म्हणजे एका आकडेमोडीची परीक्षा घेतायत आणि त्यासाठी दर वेळी पूर्ण दुकान उघडतायत.

तीच आकडेमोड बाहेर काढली की एवढीच उरते:

```python
def discount(total, coupon, today):
    if today > coupon.expires_on or total < coupon.min_total:
        return 0
    return min(total * coupon.percent // 100, coupon.cap)
```

आणि टेस्ट अशी (coupon आणि TODAY आधीच तयार आहेत असं धरा):

```python
@pytest.mark.parametrize("total, expected", [
    (498, 0), (499, 49), (1500, 150), (2000, 150),
])
def test_discount(total, expected):
    assert discount(total, coupon, TODAY) == expected
```

४९८ आणि ४९९ ची सीमा, १५०० ला बरोबर १५०, त्याच्या वर गेलं तरी १५० च. हे मिलिसेकंदात होतं आणि यात `today` बाहेरून दिलाय हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग डेटाबेसचं काय? "एकाला एकदाच" हा नियम या फंक्शनमध्ये नाहीच, तो टेबलवरच्या युनिक कन्स्ट्रेंटमध्ये आहे, ग्राहक आणि कूपन यांची जोडी दुसऱ्यांदा आली तर डेटाबेस नाही म्हणतो. ग्राहकाने `faral10` असं लहान लिपीत टाकलं तर कूपन सापडतं का हे पण क्वेरीवर अवलंबून. इथे इंटिग्रेशन टेस्ट हवी, आणि ती खऱ्या पोस्टग्रेसवर हवी. बरेच जण वेगासाठी टेस्टमध्ये एसक्यूलाइट लावतात, पण एसक्यूलाइटचा LIKE इंग्रजी अक्षरांसाठी लहान-मोठं सारखंच धरतो आणि पोस्टग्रेसचा LIKE धरत नाही, त्यामुळे टेस्ट हिरवी आणि प्रॉडक्शनवर "कूपन सापडलं नाही" असा प्रकार होतो. कंटेनरमध्ये पोस्टग्रेस एकदा उठवायचा, प्रत्येक टेस्ट आपल्या ट्रान्झॅक्शनमध्ये चालवायची, संपली की रोलबॅक. ब्राउझर नाही, लॉगिनचं पान नाही, थेट एंडपॉइंटला रिक्वेस्ट आणि उत्तर तपासायचं. आधीच्या टेस्टने टाकलेलं कूपन पुढच्या टेस्टला दिसतच नाही, त्यामुळे कुठल्याही क्रमाने चालवा, निकाल तोच.

आता वरच्या थराला काय राहिलं? जे बाकी दोघांना दिसूच शकत नाही ते. फ्रंटएंड `couponCode` पाठवतोय आणि सर्व्हर `coupon_code` ची वाट बघतोय, कुकी बॅनर Apply बटणावर आडवा आलाय, सिक्युरिटी हेडर बदलल्यामुळे पेमेंटची स्क्रिप्ट ब्राउझरने अडवली. यासाठी एक टेस्ट पुरते, कूपन लावून ऑर्डर शेवटपर्यंत गेली की बास. फार तर दुसरी, कूपन नाकारलं गेलं तर मेसेज दिसतो का याची. बाराच्या दोन झाल्या आणि तपासणी उलट वाढली, कारण सीमेवरचे आकडे आधी कोणी ब्राउझरमधून तपासलेच नसते, कंटाळा येतो हो.

मग जास्तीच्या दहा ठेवल्या तर बिघडलं काय? आधी वेळ. एक ब्राउझर टेस्ट २५ सेकंद धरली तर अशा २०० टेस्टना एकामागे एक ८० मिनिटांच्या वर लागतात. आठ मशीनवर वाटल्या तर दहा-अकरा मिनिटांवर येतं, पण मग सगळ्या एकाच स्टेजिंग डेटाबेसवर एकाच टेस्ट युजरने लॉगिन करतात, एकीने कूपन वापरलं की दुसरीला "आधीच वापरलंय" येतं, आणि हे फक्त पॅरलल चालवल्यावरच होतं त्यामुळे लॅपटॉपवर कधीच सापडत नाही.

त्याहून वाईट म्हणजे टक्केवारीचं गणित. एक टेस्ट विनाकारण फेल व्हायची शक्यता फक्त अर्धा टक्का समजा, म्हणजे हजारात ९९५ वेळा ती व्यवस्थित. ऐकायला मस्त वाटतं. पण सगळ्या टेस्ट सूटला हिरवं व्हायचं असेल तर सगळ्याच टेस्ट एकत्र पास व्हायला हव्यात, म्हणून ०.९९५ ला स्वतःनेच तितक्या वेळा गुणायचं. २० टेस्ट असतील तर टेस्ट सूट साधारण ९० टक्के वेळा हिरवी येते. २०० असतील तर ३७ टक्के. म्हणजे कोडमध्ये काहीही चूक नसताना तीनपैकी जवळजवळ दोन बिल्ड लाल. (टेस्ट एकमेकींपासून स्वतंत्र फेल होतात असं इथे धरलंय, खऱ्यात स्टेजिंग पडलं की सगळ्या एकदमच पडतात, पण अंदाज यायला पुरे.) गूगलने २०१६ मध्ये स्वतःचा आकडा सांगितला होता, त्यांच्या एकूण टेस्ट रनपैकी साधारण दीड टक्के रन असे डळमळीत निकाल देतात, आणि त्यांच्याकडे यावर काम करायला माणसं आहेत.

यावर सगळ्यांचा आवडता उपाय म्हणजे रीट्राय. मला तो फारसा पटत नाही, कारण तो खोट्या फेल्युअरबरोबर खरे बग पण गिळतो. समजा Apply दोनदा पटकन दाबलं तर वीसपैकी एकदा टोटल चुकते, खरा बग आहे, ग्राहकाला दिसणार आहे. टेस्टला दोन रीट्राय दिलेत म्हणजे लाल व्हायला तिन्ही वेळा चुकायला हवं, ती शक्यता आठ हजारात एक. रीट्राय ठेवायचाच असेल तर प्लेराइटच्या रिपोर्टमध्ये रीट्रायवर पास झालेल्या टेस्ट flaky म्हणून वेगळ्या दिसतात, ती यादी दर आठवड्याला कोणीतरी नावानिशी घ्यायची, नाहीतर ती फक्त वाढत जाते.

अजून एक, टेस्ट फेल झाली की ती सांगते काय? वरच्या युनिट टेस्टमध्ये ४९८ ला ४९ आलं तर किमान रकमेची अट गेली हे तिथेच कळतं. ब्राउझर टेस्ट म्हणते "३० सेकंद वाट बघितली, ₹1,350 दिसलं नाही". आता शोधा, लॉगिन हळू होतं, की चकलीचा स्टॉक संपला, की बटणावरचं Apply बदलून कोणी "लागू करा" केलं. ते शेवटचं झालं असेल तर बाराच्या बारा लाल आणि प्रॉडक्टमध्ये बिघाड शून्य. याला ठिसूळपणा म्हणायचं. आधीचं, कोड तोच असताना कधी हिरवं कधी लाल, ते वेगळं दुखणं, आणि एंड-टू-एंडला दोन्ही जडतात.

कधी कधी तर जिला आपण डळमळीत म्हणून सोडून देतो ती अगदी शिस्तीत फेल होत असते. टेस्ट "आजपर्यंत वैध" असं कूपन बनवते, तारीख सीआय मशीनची म्हणजे यूटीसी. सर्व्हर मात्र भारताची तारीख बघतो. रात्री १२ ते पहाटे साडेपाच या वेळात यूटीसीमध्ये अजून कालचीच तारीख असते, म्हणून कूपन जन्मतःच मुदत संपलेलं. रात्री दोनचा रन रोज लाल, सकाळी दहाला कोणीतरी री-रन दाबतो, हिरवा, आणि सगळे म्हणतात नेटवर्क असेल. कळतं कसं, तर फेल झालेल्या रनच्या वेळा एका खाली एक लिहायच्या, सगळ्या त्याच साडेपाच तासांत बसल्या की उत्तर समोर. `discount` ला `today` बाहेरून दिला होता तो यासाठीच, तिथे हा प्रश्न उद्भवतच नाही, आणि यूटीसीच्या क्षणावरून भारताची तारीख काढणाऱ्या फंक्शनला संध्याकाळी १८:२९ आणि १८:३० यूटीसी असे दोन क्षण देऊन वेगळं तपासता येतं.

आहे तो ढीग कमी करायचा तर एकदम डिलीट मारू नका. प्रत्येक ब्राउझर टेस्टला विचारा की ही ब्राउझरशिवाय फेल होऊ शकली असती का. हो असेल तर आधी खाली टेस्ट लिहा, मग कोडमध्ये मुद्दाम बिघाड करून (`<` च्या जागी `<=` टाकून) खालची लाल होते हे डोळ्यांनी बघा, मगच वरची काढा. हा मधला टप्पा लोक गाळतात.

प्रमाणाच्या मागे मात्र लागू नका. २०१५ मध्ये गूगलच्या टेस्टिंगवाल्यांनी ७०/२०/१० हा आकडा पहिला अंदाज म्हणून दिला होता, अनेक ठिकाणी त्याचा नियमच होऊन बसला. तुमची सर्व्हिस बहुतांशी क्वेरी आणि जेसन इकडून तिकडे करणारी असेल तर तिथे युनिट टेस्टला पकडायला काही नसतं, ओढूनताणून सगळं मॉक करून लिहिलं की त्या टेस्ट फक्त मॉकच तपासतात आणि फंक्शनचं नाव बदललं तरी तुटतात, म्हणजे ठिसूळपणा खालीही आणता येतो. तिथे मधला थर जाडा असणंच बरोबर. आणि दहा वर्षं जुनं, टेम्प्लेटमध्येच किमतीचा हिशोब भरलेलं ॲप्लिकेशन हातात आलं असेल तर खाली टेस्ट लिहायला जागाच नसते, तेव्हा काही काळ ब्राउझर टेस्टच जास्त असतील, त्यांच्या आधाराने `discount` सारखं एकेक फंक्शन बाहेर काढायचं आणि ते निघालं की त्या त्या टेस्टला सुट्टी द्यायची.