खोदकामाशेजारची जमीन किती सरकेल याचा हिशोब इतकी वर्षं का चुकत होता: मातीच्या स्मॉल स्ट्रेन स्टिफनेसची पार्श्वभूमी

१९७० च्या दशकात मातीच्या स्टिफनेसचे, म्हणजे ती ताणाखाली किती कडक राहते याचे, दोन आकडे सर्रास वापरात होते आणि दोन्ही एकाच मातीचे. भूकंप आणि मशीन फाउंडेशनवाले जमिनीतून शिअर वेव्ह सोडून तिचा वेग मोजायचे, आणि घनता गुणिले वेगाचा वर्ग केला की शिअर मॉड्युलस मिळायचा. वेग सेकंदाला २०० मीटर आणि घनता घनमीटरला १९०० किलो धरली तर तो ७६ मेगापास्कल येतो. फाउंडेशन आणि खोदकामवाले मात्र लॅबमध्ये नमुना चहूबाजूंनी दाबून वरून भार देणारी ट्रायअ‍ॅक्सियल टेस्ट करायचे, तिथे आकडा कित्येक पटींनी कमी यायचा. मग पहिल्याला 'डायनॅमिक' आणि दुसऱ्याला 'स्टॅटिक' मॉड्युलस अशी नावं पडली आणि वाद मिटला असं सगळ्यांनी धरून चाललं.

माझ्या मते या विषयाला सगळ्यात जास्त मागे ठेवलं ते या नावांनी. 'डायनॅमिक' म्हटल्यावर वाटतं की लोड वेगाने येतो म्हणून माती कडक वागते, आणि खोदकाम तर महिनोन्‌महिने चालतं, मग तो आकडा आपल्या काय कामाचा? पण चिकणमातीत वेगाचा परिणाम असला तरी एवढा मोठा फरक त्याने पडत नाही. खरा फरक स्ट्रेनचा, म्हणजे माती किती टक्के ताणली किंवा दबली जाते याचा. वेव्ह जाताना माती ०.००१ टक्क्याहूनही कमी ताणली जाते, आणि जुन्या ट्रायअ‍ॅक्सियल टेस्टमध्ये भरवशाचं वाचन सुरू व्हायचं तेच ०.१ टक्क्याच्या आसपास. म्हणजे स्ट्रेन वाढेल तसा स्टिफनेस उतरत जातो त्या एकाच वक्राची दोन टोकं मोजून त्यांना दोन वेगळे गुणधर्म म्हटलं गेलं.

लॅबची अडचण साधीच होती. ७६ मिलिमीटर उंचीच्या नमुन्यात ०.०१ टक्का म्हणजे जेमतेम ०.००८ मिलिमीटर. डायल गेज सेलच्या बाहेर, आणि नमुन्याचं टोक कॅपवर नीट बसताना जी बारीक फट दबते तीच याहून जास्त, त्यामुळे माती आहे त्यापेक्षा फार मऊ दिसायची. १९८० च्या दशकात नमुन्याच्या मधल्या भागावरच गेज चिकटवून मोजायला लागले तेव्हा सुरुवातीचा स्टिफनेस एकदम वर गेला आणि वेव्हवाल्या आकड्याकडे सरकला. शंका मात्र लॅबच्या आधीच साइटवरून आली होती, कारण लंडनखालच्या कडक चिकणमातीतल्या, म्हणजे लंडन क्लेमधल्या मोठ्या खोदकामांत मोजलेल्या हालचालीवरून उलटा हिशोब केला की स्टिफनेस लॅबपेक्षा बराच जास्त निघायचा.

त्यातलं लक्षात ठेवण्यासारखं उदाहरण म्हणजे १९७० च्या दशकात बिग बेनच्या बुरुजाला लागून केलेलं अंडरग्राउंड कार पार्कचं खोल खोदकाम. लिनिअर इलॅस्टिक हिशोबात बुरूज खड्ड्यापासून लांब झुकेल असं येत होतं आणि प्रत्यक्षात तो थोडासा खड्ड्याकडे झुकला. दिशाच चुकली! कारण स्टिफनेस सगळीकडे एकच धरला की वजन काढल्यावर तळाचा फुगवटा लांबवर पसरतो आणि खड्डा तोलून धरणाऱ्या भिंतीमागची जमीनही सोबत वर उचलतो, हिशोबात जमिनीचे तुकडे पाडणारी मेश जितकी खोल घ्याल तितकं हे वाढतं. खऱ्या जमिनीत खोलवर आणि लांब स्ट्रेन अगदी कमी असतो म्हणून तिथली माती कडक राहते, हालचाल भिंतीजवळ गोळा होते, आणि सेटलमेंटचा, म्हणजे जमीन खचल्याचा, खळगा अरुंद पण खोल होतो. शेजारच्या इमारतीला तडे जातात ते याच उतारामुळे, आणि सपाट पसरलेला खळगा दाखवणारं मॉडेल नेमकी हीच जोखीम लपवतं.

वरचीच माती घेऊन बघा. स्टिफनेस सुरुवातीच्या ७६ च्या सुमारे ७० टक्क्यांवर येतो तो शिअर स्ट्रेन ०.०२ टक्के धरला, तर नेहमीच्या हायपरबोलिक वक्राने ०.०१ टक्क्याला साधारण ६४ मेगापास्कल उरतात, ०.१ टक्क्याला २६, आणि १ टक्क्याला ४ च्या आत. चांगल्या सपोर्टच्या भिंतीभोवती स्ट्रेन बहुतेक ०.०१ ते ०.१ टक्क्यात असतो, म्हणजे बरोबर त्या उतारावर जिथे एकच आकडा निवडणं सगळ्यात धोक्याचं.

आता हा वक्र सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतो, तरी एक गोष्ट अजून नीट सुटलेली नाही. स्ट्रेनची दिशा उलटली की माती परत कडक होते, आणि खोदकामात तळाखाली वजन उतरतं, भिंतीमागे आडवा दाब सुटतो, भिंतीला टेकू देणारा स्ट्रट आवळला की तोच दाब परत वाढतो, मग वक्र कुठे शून्यापासून सुरू करायचा हे मॉडेल ठरवतं आणि प्रत्येक मॉडेल वेगळं ठरवतं. म्हणून नुसतं भिंतीचं वाकणं मोजणाऱ्या इन्क्लिनोमीटरचं वाचन जुळलं म्हणून खूश होऊ नये, ते एका सरासरी आकड्यानेही जुळवता येतं. भिंतीपासून खोदकामाच्या खोलीच्या दुप्पट अंतरापर्यंतचे सेटलमेंट पॉइंट सोबत जुळतायत का ते बघायचं, आणि तिथे मॉडेल जमीन वर उचलत असेल तर स्टिफनेसचा वक्र चुकलाय असा पहिला संशय घ्यायचा.