रिऑर्डर केलं की रेट का बदलतो? ‘कन्फर्म’ दाबण्याआधी हे एकदा वाचा

आपल्या होलसेल ऑर्डर पेजबद्दल सगळ्यात जास्त फोन एकाच गोष्टीसाठी येतात. ‘मागच्या वेळी जे घेतलं तेच परत मागवलं, एक नग इकडचा तिकडे केला नाही, मग बिल जास्त कसं आलं? तुम्ही न सांगता रेट वाढवला का?’ बहुतेक वेळा रेट जागेवरच असतो, स्लॅब बदललेला असतो. आणि तो बदलला हे कार्टमध्ये दिसत असतं, पण रिऑर्डर करताना कार्ट कुणी उघडून बघतच नाही, थेट कन्फर्म होतं. मग आमच्याकडे बिल बनून जातं, तुमच्याकडे माल पोचतो आणि त्यानंतर दोघंही फोनवर हिशोब जुळवत बसतो. म्हणून एकदाच नीट लिहून देतोय.

आधी स्लॅब कसा लागतो ते. समजा वह्यांच्या एका सिरीजचा मूळ रेट नगाला 100 आहे (100 हा आकडा फक्त हिशोब सोपा जावा म्हणून, तुमचा खरा रेट लॉगिन केल्यावर दिसतो). 23 नगांपर्यंत 100, 24 ते 71 नगांना 95 आणि 72 पासून पुढे 90. आमच्याकडे पूर्ण मालाला एकच रेट लागतो, म्हणजे 72 नग घेतले तर पहिल्या नगापासून सगळे 90 नी. काही ठिकाणी स्लॅबच्या वरच्या नगांनाच कमी रेट देतात, तसं आमच्याकडे नाही. दुसरं म्हणजे स्लॅब एकेका आयटमवर नाही, पूर्ण सिरीजवर धरतो. एकरेघी, दुरेघी, कोरी असं मिळून 72 झाले तरी 90 लागतो. छोट्या दुकानदाराला एकाच वहीचे 72 नग गळ्यात मारून घ्यायची गरज नाही, म्हणून मुद्दाम असं ठेवलंय. पण याचीच दुसरी बाजू अशी की मिक्समधला एक आयटम गळला की बाकीच्यांचाही रेट हलतो, आणि सगळी गडबड इथेच होते.

रिऑर्डरमध्ये नक्की काय येतं

‘मागच्या ऑर्डर’ मध्ये जाऊन ‘पुन्हा मागवा’ दाबलं की जुन्या ऑर्डरमधले आयटम आणि किती बॉक्स मागवले होते ते आकडे कार्टमध्ये येतात. बस, एवढंच येतं. जुना रेट येत नाही, रेट आजच्या स्लॅबप्रमाणे नव्याने लागतो. आणि आकडा येतो तो ‘मागवलेले’ या रकान्यातला, ‘पोचलेले’ मधला नाही, त्यामुळे मागच्या वेळी आमच्याकडून काही कमी आलं असेल तरी कार्टमध्ये पूर्ण आकडाच दिसेल.

आता एक उदाहरण धरू. एका दुकानदाराची जुनी ऑर्डर एकरेघी 4 बॉक्स आणि कोरी 2 बॉक्स, बॉक्समध्ये 12 नग. म्हणजे 48 अधिक 24, एकूण 72, रेट 90, बिल 6480. महिन्याने ‘पुन्हा मागवा’ दाबलं. त्या दिवशी कोरी वही स्टॉकमध्ये नव्हती. पेज कोरीची ओळ कार्टमध्ये घेत नाही, वर पिवळ्या पट्टीत ‘1 आयटम उपलब्ध नाही’ एवढं दाखवतं. राहिले 48 नग, ते आले मधल्या स्लॅबमध्ये, रेट 95, बिल 4560. हेच 48 नग 90 च्या रेटने 4320 ला पडले असते. दोन दिवसांनी कोरी आली, त्याने 24 नगांची वेगळी ऑर्डर टाकली, तीही 95 नी, 2280. तेच 72 नग, पण दोन बिलं मिळून 6840. मागच्या वेळेपेक्षा 360 जास्त, आणि आम्ही रेट हलवलेला नाही.

या केसमध्ये करायचं इतकंच होतं की पिवळ्या पट्टीवर क्लिक करून कोरीच्या समोर ‘आल्यावर पाठवा’ ला टिक करायची. तसं केलं की ती ओळ कार्टमध्ये राहते, स्लॅबमध्येही मोजली जाते, एकरेघीचे 48 नग लगेच 90 नी निघतात आणि कोरी आली की मागून 90 नीच जाते. कोरी आमच्याकडून आलीच नाही आणि ती ओळ आम्हाला रद्द करावी लागली तरी आधी गेलेल्या मालाचा रेट वाढवत नाही, कारण तुम्ही तुमच्याकडून पूर्ण ऑर्डर दिलेली असते. तुम्ही स्वतः ती ओळ रद्द केली तर मात्र राहिलेल्या नगांप्रमाणे फरक लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. आणि कोरीसाठी थांबायचं नसेल तर त्याच सिरीजमधली दुसरी वही 2 बॉक्स टाका, स्लॅब तसाच राहतो. आम्ही आमच्या मनाने बदली आयटम टाकत नाही, तुमच्या दुकानात काय खपतं ते तुम्हालाच माहीत.

बॉक्स तेवढेच, नग कमी

दुसरं कारण जास्त फसवं आहे कारण यात पिवळी पट्टी येत नाही. कंपनी कधी कधी पॅकिंग बदलते, 12 नगांचा बॉक्स 10 चा होतो. रिऑर्डर बॉक्सचा आकडा उचलतं. एकरेघीचेच 6 बॉक्स मागवणाऱ्याला कार्टमध्ये 6 च दिसतात, नजर म्हणते बरोबर आहे, पण नग 72 चे 60 झालेले असतात आणि रेट 95. स्लॅब नगांवर लागतो, बॉक्सवर नाही, आणि सिरीजमधल्या बाकी वह्या 12 च्याच बॉक्समध्ये येत असल्यामुळे स्लॅबचे आकडे आम्ही एका आयटमसाठी बदलत नाही.

म्हणून कार्टमध्ये बॉक्सच्या रकान्यावर विसंबू नका, त्याच्या शेजारी ‘एकूण नग’ आणि ‘लागलेला रेट’ असे दोन रकाने आहेत ते बघा. पॅकिंग बदललेल्या ओळीत नगांच्या आकड्याखाली जुना आकडा बारीक अक्षरात, खोडलेला दिसतो. मोबाईलवर हे रकाने लपलेले असतात, ओळीवर बोट दाबलं की उघडतात. रिऑर्डर करणारे बरेच जण मोबाईलवरूनच करतात, त्यामुळे हे खास सांगतोय.

आता याच केसमध्ये पुढचा हिशोब बघा. 6 बॉक्सचे 60 नग कमी पडतील म्हणून दुकानदाराने 7 बॉक्स केले, 70 नग. रेट अजून 95 च, बिल 6650. आठ बॉक्स केले तर 80 नग, रेट 90, बिल 7200. म्हणजे आठवा बॉक्स 550 ला पडला, नगाला 55. पूर्ण मालाला एकच रेट लागत असल्यामुळे स्लॅबच्या अगदी तोंडाशी थांबणं महाग पडतं. कार्टमध्ये तुम्ही पुढच्या स्लॅबच्या जवळ असाल तर ‘अजून इतके नग घेतले तर रेट इतका’ अशी ओळ येते, ती माल खपवायला लावलेली जाहिरात समजून सोडून देऊ नका, त्यातला हिशोब खरा असतो. पण तो आयटम तुमच्याकडे सावकाश निघत असेल तर नका घेऊ, जास्तीचे 550 रॅकवर अडकून पडले तर स्वस्त पडूनही उपयोग नाही. माल निघत असेल तर मात्र सातवर थांबण्यात काही अर्थ नाही.

‘महिन्याचे सगळे नग मिळून स्लॅब धरा’ असंही बरेच जण म्हणतात. मागणी समजते, पण कमी रेट आम्हाला परवडतो तो एका खेपेत काम होतं म्हणून. एकदाच माल काढायचा, एकदाच पॅकिंग, एक बिल, एक गाडी. तेच 72 नग तीन वेळा गेले तर तिन्ही वेळा तेवढंच काम पडतं, मग 90 चा रेट टिकत नाही, आणि ओढूनताणून टिकवायचा म्हटलं तर मूळ रेट वाढवावा लागेल जो सगळ्यांनाच लागेल. बॉक्स फोडून सुटे नग का देत नाही त्याचंही हेच. सीलबंद बॉक्सवरचा बारकोड एकदा स्कॅन केला की नग बरोबर मोजले जातात, फोडलेला बॉक्स हाताने मोजावा लागतो आणि कमी-जास्त गेल्याच्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. म्हणून कमीत कमी एक बॉक्स आणि पुढे बॉक्सच्या पटीत. पूर्ण ऑर्डरची जी किमान रक्कम आहे ती तुमच्या खात्यात वर दिसते, ‘आल्यावर पाठवा’ च्या ओळी तिच्यात धरत नाही, कारण ती रक्कम लगेच निघणाऱ्या मालाची असते.

कार्टबद्दल अजून एक. आधीपासून कार्टमध्ये काही टाकून ठेवलं असेल आणि वरून ‘पुन्हा मागवा’ दाबलं तर दोन्ही मिळून बेरीज होते. आठवडाभर थोडं थोडं टाकून ठेवायची सवय असलेल्यांकडे 4 चे 8 बॉक्स असेच होतात, आणि दुकानातल्या पोराने एक वेळा व मालकाने एक वेळा दाबलं तरी तेच. रिऑर्डरच्या आधी कार्ट रिकामं आहे का बघा, किंवा बटण दाबल्यावर येणाऱ्या खिडकीत ‘आधीचं काढून टाका’ निवडा.

तरी चूक झालीच तर लगेच सांगा. ऑर्डरचा स्टेटस ‘मिळाली’ असेपर्यंत तुम्ही स्वतः बदल करू शकता, नग वाढवले तर स्लॅबही नव्याने लागतो, फोन करायचीही गरज नाही. स्टेटस ‘पॅकिंगला गेली’ झाला की बिल बनलेलं असतं, त्यानंतर नग वाढवायचे तर दुसरी ऑर्डरच टाकावी लागते आणि दोन ऑर्डर जोडून स्लॅब देता येत नाही, त्यासाठी पहिलं बिल रद्द करून क्रेडिट नोट काढावी लागते, पॅक झालेला माल परत उघडावा लागतो आणि तुमच्या मागे रांगेत असलेल्यांचा माल थांबतो. सकाळी टाकलेल्या ऑर्डर साधारण दुपारी पॅकिंगला जातात, त्यामुळे बदल करायला थोडा वेळ हाताशी असतो.

ज्यांची ऑर्डर दर वेळी जवळपास सारखीच असते त्यांनी जुन्या ऑर्डरवरून रिऑर्डर करण्यापेक्षा ‘माझी यादी’ बनवून घ्यावी. यादीत बॉक्सऐवजी नग लिहिता येतात, 72 लिहिलं तर पॅकिंग 12 चं असो की 10 चं, पेज वरच्या पूर्ण बॉक्सपर्यंत नेतं, म्हणजे 72 किंवा 80, खाली कधीच येत नाही. यादी बनवायला जमत नसेल तर तुमचा शेवटचा बिल नंबर आम्हाला मेसेज करा, आम्ही बनवून तुमच्या खात्यात टाकतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.