जूनची फी आणि जुलैचा डबा
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे घरखर्चाच्या नियोजनाचे वर्ग होतात. वर्ग संपला की कोणी ना कोणी मागे थांबतं आणि हळूच विचारतं, "ते सगळं ठीक आहे हो, पण पैसे टाकायचे कुठे?" त्याचं उत्तर आम्ही देत नाही. सेबीकडे नोंदणी असलेले गुंतवणूक सल्लागार आम्ही नाही, आणि किती परतावा मिळेल हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून आम्ही स्वतःही लांब राहतो. हे पत्रक फक्त एका सवयीबद्दल आहे: वर्षातून एकदा येणारे खर्च बारा महिन्यांत वाटून कसे घ्यायचे.

किराणा, दूध, वीजबिल यांनी सहसा महिना बिघडत नाही, कारण ते खर्च अंगवळणी पडलेले असतात. घडी विस्कटते ती शाळेच्या फीनं, विम्याच्या हप्त्यानं, दिवाळीनं. आणि गंमत म्हणजे यातलं काहीच अचानक येत नाही. जून दरवर्षी जूनमध्येच येतो.

वर्गात आम्ही फळ्यावर मांडतो ते उदाहरण इथे घेऊ. नवरा-बायको, एक मुलगा, एक दुचाकी. त्यांचे वार्षिक खर्च असे:

ऑगस्ट: दुचाकीचा विमा १,८००
सप्टेंबर: गणपती ४,०००
ऑक्टोबर: दिवाळी १५,०००
जानेवारी: आरोग्य विमा १६,२००
मार्च: घरपट्टी, पाणीपट्टी ५,४००
मे: गावी जाणं, लग्नांचे आहेर ९,६००
जून: फी, वह्या-पुस्तकं, गणवेश २६,०००

बेरीज ७८,००० रुपये. बारानं भागले की महिन्याला ६,५००. दरमहा बाजूला टाकलेल्या या पैशांच्या साठ्याला आम्ही डबा म्हणतो. इथवर कोणीही पोचतं, आणि बरेच जण इथेच फसतात.

समजा या घरानं एप्रिलमध्ये सुरुवात केली. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे तोच मुहूर्त बरा वाटतो. एप्रिल आणि मे मिळून १३,००० जमले. मे महिन्यात गावी जाऊन आले, हातात राहिले ३,४००. जूनच्या पगारातून ६,५०० टाकले, झाले ९,९००. आणि शाळेत भरायचेत २६,०००. तिसऱ्याच महिन्यात १६,१०० कमी पडले. मग "हे असलं कागदावरच जमतं" म्हणून वही कपाटात जाते. हिशेब बरोबर होता, सुरुवातीचा महिना चुकला.

तेच घर जुलैत सुरू करतं तेव्हा काय होतं बघा. दिवाळीचा खर्च उरकल्यावर ऑक्टोबरअखेर ५,२०० उरतात, शेवटचा जून सोडला तर वर्षातली सगळ्यात तंग जागा हीच. विमा भरून जानेवारीअखेर ८,५००. घरपट्टी भरून मार्चअखेर १६,१००. मे संपताना १९,५००, आणि जूनचे ६,५०० टाकून फी भरली की शिल्लक बरोबर शून्य. एकाही महिन्यात हात पसरावा लागत नाही. म्हणून नियम सोपा ठेवा: तुमच्या घरातला सगळ्यात मोठा वार्षिक खर्च ज्या महिन्यात असतो, त्याच्या पुढच्या महिन्यापासून सुरुवात. मग प्रत्येक महिन्याच्या अखेरची शिल्लक कागदावर काढून बघा. ती कुठे शून्याखाली गेली तर एखादा महिना पुढे-मागे सरकवा.

जुलैची वाट बघायची नसेल तर? एप्रिलमध्येच सुरू करा, पण डब्यात आधी १६,१०० घाला. हा आकडा वर येऊन गेलाय, जुलैपासून चालणाऱ्या डब्यात मार्चअखेर जेवढे असतात तेवढेच हे. बोनस मिळाला असेल, भिशी लागली असेल, तर पहिली भर तिथून. तेही नसेल तर पहिले तीन महिने साधारण ११,९०० बाजूला टाकावे लागतील. जमत नसेल तर जूनचा खर्च या वर्षी नेहमीसारखाच भागवा आणि जुलैपासून नीट लागा. ओढूनताणून एप्रिल गाठण्यात काही हशील नाही.

आता पैसे ठेवायचे कुठे. इथे व्याजाचा विषय निघतो, म्हणून तो आकड्यात बघू. जुलैपासूनच्या डब्यातल्या बारा महिनाअखेरच्या शिलकींची सरासरी काढली तर १२,३५० रुपये येते. वर्षाला ७८,००० फिरतात, पण पडून राहतात एवढेच. व्याजदर एक टक्क्यानं जास्त असला तरी वर्षाला साधारण १२४ रुपयांचा फरक. उलट जूनमध्ये कमी पडलेले १६,१०० महिना तीन टक्क्यांनी उचलले तर एका महिन्याचं व्याज ४८३. चार वर्षांचा तो फरक एका महिन्यात गेला. या डब्यापुरतं तरी जास्त व्याजाच्या मागे धावण्यापेक्षा पैसे हव्या त्या दिवशी हातात येणं मोलाचं.

म्हणून आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, इथे अडचणीची ठरते. तिच्यातून दर दोन महिन्यांनी थोडे थोडे काढता येत नाहीत, आणि मुदतीआधी मोडली की व्याज कमी होतं. भिशीचंही तसंच: तुमचा नंबर जूनमध्येच लागेल याचा भरवसा नाही, आणि एखाद्यानं हप्ते थांबवले तर भांडण ओळखीतलं होतं. साधं, वेगळं बचत खातं या कामाला पुरतं. उघडताना किमान शिलकीची अट विचारून घ्या. शून्य शिल्लक चालणारं मूलभूत बचत खातंही मिळतं, मात्र ते घेतलं की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, व्याजासह पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही. पुष्कळांना हे पतसंस्था अडचणीत आल्यावर कळतं.

या खात्याला यूपीआय जोडू नका, ही आमची एकच आग्रहाची विनंती. आमच्याच कार्यालयातल्या एका ताईंनी ते जोडलं होतं. ऑक्टोबरमध्ये पासबुक भरून आणलं तर चहा, रिक्षा, भाजी, कुरिअर अशा बारीकसारीक नोंदींत १,९४० गेलेले, आणि दिवाळीला तेवढेच कमी पडले. एकही खर्च उधळपट्टीचा नव्हता.

पैसे वळते करण्याची कायमची सूचना बँकेला देऊन ठेवा, पण तारीख पगाराच्या दिवसाची नको, दोन-तीन दिवस पुढची घ्या. पगार एक दिवस लांबला तर खात्यात शिल्लक नसते, सूचना फसते, आणि हे महिनाभर लक्षातही येत नाही. वर्षातून दोन वेळा, दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये, पासबुकातला आकडा तुमच्या कागदावरच्या आकड्याशी ताडून बघा.

आरोग्य विम्याच्या तारखेला थोडी जास्त काळजी घ्या. मुदत संपल्यावर सवलतीच्या दिवसांत वार्षिक हप्ता भरून पॉलिसी चालू राहते, पण मधल्या दिवसांत दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर त्या खर्चाला सहसा संरक्षण नसतं. त्यामुळे हा खर्च कागदावर एक महिना आधीचा धरा.

पत्रकाच्या मागच्या बाजूला जुलै ते जून अशा बारा ओळी छापल्या आहेत: महिना, जमा, खर्च, शिल्लक. पेन्सिलीनं भरा. शाळा फी वाढवते, आणि दिवाळी कधी ऑक्टोबरात येते तर कधी नोव्हेंबरात.